माफीनामा लिहून घेऊ नकोस

सप्रेम आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं. नववीतल्या मुलीच्या नावाने कुणीतरी इन्स्टाग्रामवर खोटं खातं काढलं, गॅदरिंगच्या फोटोतला तिचा चेहरा भलत्याच उघड्या अंगावर चिकटवला आणि तो फोटो संध्याकाळपर्यंत वर्गाच्या ग्रुपवर फिरला. करणारा शेजारच्या तुकडीतला आहे, असं सगळे म्हणतात. मुख्याध्यापिका तुला म्हणाल्या, ‘तू समुपदेशक आहेस, त्याला बोलतं कर, माफीनामा लिहून घे, दोघांना समोरासमोर बसव आणि विषय संपव.’ मुलीचे वडील पोलिसांत जायचं म्हणतात. तू विचारतेस, मी कुणाच्या बाजूने उभी राहू?

बाजूचं नंतर बघू. आधी एक काम अजिबात करू नकोस: त्या मुलाकडून काहीही वदवून घेऊ नकोस. तपास करणारा आणि ऐकून घेणारा, ही दोन माणसं वेगळी असायला हवीत. मुख्याध्यापिकांना हे आवडणार नाही. न आवडो.

बाल न्याय मंडळावर समाजकार्यकर्ती सदस्य म्हणून बसायचे, तेव्हा अशा प्रकरणांच्या कागदांत सगळ्यात वर शाळेचा माफीनामा असायचा. वहीचं फाडलेलं पान, वर मारलेली रेघ, खाली मुलाची सही, त्याखाली वर्गशिक्षकांची. भाषा मात्र पंधरा वर्षांच्या पोराची कधीच नसायची. ‘माझ्या हातून घडलेल्या अशोभनीय कृत्याबद्दल’ असं नववीतला कोण लिहितो? आता हे बघ. बाल न्याय अधिनियमाखाली २०१६चे आदर्श नियम आहेत. त्यांतला आठवा नियम पोलिसांना सांगतो की मुलाकडून कबुलीसाठी जबरदस्ती करायची नाही आणि कुठल्याही जबाबावर त्याची सही घ्यायची नाही. जे पोलिसांनाही करायला मनाई आहे, ते शाळा स्टाफरूममध्ये दहा मिनिटांत उरकते, आणि त्यासाठी समुपदेशकाला पुढे करते. मला याचा संताप येतो, आणि तो वयाबरोबर कमी झालेला नाही.

घाईत घेतलेली कबुली खोटी निघते, हा त्यातला दुसरा धोका. मे २०२० मध्ये दिल्लीतलं ‘बॉइज लॉकर रूम’ प्रकरण गाजलं, ते तुला आठवत असेल. शाळकरी मुलांचा इन्स्टाग्राम ग्रुप होता आणि त्यात मुलींच्या फोटोंवर गलिच्छ बोलणं चाले, हे खरंच होतं. पण त्याच वेळी बलात्काराच्या बेताचा एक स्क्रीनशॉट देशभर फिरला आणि लोकांनी तो याच ग्रुपचा धरला. दिल्ली पोलिसांच्या तपासात निघालं की तो स्नॅपचॅटवरचा वेगळाच संवाद होता आणि त्यातलं मुलाचं खातं एका मुलीने नाव बदलून काढलेलं होतं. स्क्रीनशॉटवर दिसणारं नाव आणि त्यामागचा माणूस यांत एवढं अंतर असू शकतं. तुमच्या शाळेत ‘सगळे म्हणतात’ एवढ्यावर एका मुलाचं नाव ठरलंय.

आता कायदा. लोक त्याला एकतर सर्वशक्तिमान समजतात नाहीतर कुचकामी. तो दोन्ही नाही, पण त्याची तीव्रता मुलाला झालेल्या जखमेच्या प्रमाणात नसते, हे मात्र पक्कं लक्षात ठेव. समजा फोटो नसता, आणि वर्षभर ग्रुपवर तिला ‘काळी’, ‘म्हैस’ म्हणून रोज छळलं असतं. तिला त्याने जास्तही दुखलं असतं. पण पोलिसांकडे त्यासाठी सरळ लागू पडणारं कलम फारसं नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्यातलं आक्षेपार्ह संदेशांचं कलम ६६-अ सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी श्रेया सिंघल खटल्यात रद्द केलं, आणि ते योग्यच केलं. धमकी असेल, पाठलाग असेल, तर भारतीय न्याय संहितेत जागा आहे. नुसत्या क्रूरपणाला नाही. ते काम शाळेचं आहे.

पण तुझ्यासमोरच्या प्रकरणात फोटो आहे आणि मुलगी चौदा वर्षांची आहे, म्हणून कायदा एकदम जड होतो. खोट्या खात्याला माहिती तंत्रज्ञान कायद्याची तोतयेगिरीची कलमं आहेत. फोटोला त्याच कायद्याचं, बालकांच्या अश्लील चित्रांबाबतचं कलम ६७-ब आहे, आणि मजकूर कसा आहे त्यावर पॉक्सो, म्हणजे बालकांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा कायदा. शरीर तिचं नव्हतंच, ही पळवाट चालत नाही: बालकासारखं दिसेल असं फेरफार केलेलं चित्रही २०१९च्या दुरुस्तीने पॉक्सोच्या व्याख्येत आणलंय. आणि पॉक्सोचा गुन्हा घडल्याचं कळलं की पोलिसांना कळवणं कलम १९ प्रमाणे प्रत्येकावर बंधनकारक आहे. तुझ्यावरही. न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद, आणि संस्थेच्या प्रमुखाला वर्षापर्यंत. मुख्याध्यापिकांना हे शांतपणे, लेखी सांग. ‘शाळेचं नाव जाईल’ यावर दुसरं उत्तर नाही.

यातूनच निघतं की कुठल्याही मुलाला ‘मी कुणाला सांगणार नाही’ असं वचन तू द्यायचं नाहीस. पहिल्याच भेटीत स्पष्ट सांगायचं, ‘काही गोष्टी मला कळवाव्याच लागतात, त्या कुठल्या ते आधी सांगते.’ मुलं यामुळे गप्प होतात, असं तू लिहिलंयस. काही होतात. फसवली गेलेली मुलं मात्र कायमची गप्प होतात.

वडिलांना वाटतंय की तक्रार केली की मुलगा तुरुंगात. मुलाच्या आईलाही तेच वाटत असणार. दोघांना खरं सांग. अठरा वर्षांखालच्या मुलाला लॉकअपमध्ये ठेवता येत नाही. नियमाप्रमाणे गुन्हा अतिगंभीर नसेल, म्हणजे किमान सात वर्षांच्या शिक्षेचा नसेल, आणि सोबत कुणी प्रौढ नसेल, तर मुलाविरुद्ध एफआयआरसुद्धा होत नाही. स्टेशन डायरीत नोंद होते, बाल कल्याण पोलीस अधिकारी मुलाच्या घरच्या परिस्थितीचा अहवाल तयार करतो आणि दोन्ही मंडळाकडे जातं. अर्थात खातं कुणाचं हेच माहीत नसेल तर पोलीस अज्ञाताविरुद्ध गुन्हा नोंदवतात आणि मूल मागाहून समोर येतं. मंडळात एक दंडाधिकारी आणि दोन समाजकार्यकर्ते बसतात, पोलीस साध्या कपड्यांत येतात. समज देणं, गट-समुपदेशन, समाजसेवा, देखरेखीखाली घरी सोडणं, असे आदेश होतात. विशेष गृह हा शेवटचा पर्याय, तोही तीन वर्षांपर्यंतच. हे सांगितलं की मुलाचे पालक फोन फॉरमॅट करायला धावत नाहीत. भीतीपोटी पुसलेला फोन दोघांचंही नुकसान करतो, कारण मुलगा निर्दोष असेल तर त्याचाही पुरावा त्यातच असतो.

पुराव्याबद्दल, कारण इथे तुमच्या शाळेने आधीच घोळ घातलाय. वर्गशिक्षिकांनी तो फोटो ‘पुरावा म्हणून’ शिक्षकांच्या ग्रुपवर टाकला, असं तू सहज लिहून गेलीस. अगं, तोही प्रसारच आहे! बालकांचे असे फोटो नुसते बाळगणंही कधी गुन्हा ठरतं, हे सर्वोच्च न्यायालयाने २३ सप्टेंबर २०२४च्या निकालात सविस्तर सांगितलंय. बाईंचा हेतू चांगला होता, पण बारा शिक्षकांच्या फोनमध्ये त्या मुलीचा चेहरा आज पडून आहे. तो पुढे कुणाकडेही जाता कामा नये, आणि आपल्या फोनवर तो आला होता हे पोलिसांना आधीच आपणहून सांगायचं. शाळेने जपायची ती माहिती वेगळी: खात्याचं नेमकं यूजरनेम आणि प्रोफाइलची लिंक, कधी दिसलं ती तारीख-वेळ, कुणी दाखवलं, कुठल्या ग्रुपवर कुणी टाकलं. हे कागदावर, हाताने, त्याच दिवशी. मग इन्स्टाग्रामवर तक्रार करायची. उलट क्रम झाला की खातं उडतं आणि हातात काही राहत नाही. काढलेला मजकूर तपासासाठी १८० दिवस जपून ठेवण्याचं बंधन कंपनीवर आहे, पण पोलिसांनी मागेपर्यंत ती मुदत चालत असते. वडिलांना ठाण्यात जायचा संकोच असेल तर cybercrime.gov.in वर महिला-बालकांसाठीचा वेगळा विभाग आहे, आणि मुलांसाठीची १०९८ हेल्पलाइन आहेच.

शाळेच्या शिस्तीकडे मी मुद्दाम शेवटी येतेय, कारण ती सगळ्यात जवळची आणि सगळ्यात आळशी असते. दाखला हातात देऊन मोकळं व्हायचं. आठवीपर्यंत तर कायद्यानेच काढून टाकता येत नाही. नववीला येतं, म्हणून ते करावं असं होत नाही. शाळेने स्वतः चौकशी करावी, दोन शिक्षकांची समिती असावी, मुलाचं म्हणणं पालकांसमोर ऐकावं, आणि कारवाई वागणुकीवर, ठरावीक मुदतीची करावी. पोलिसांचं काम त्या समितीने करायचं नाही. आणि त्या समितीत तू नसावीस. तपास करणारा वेगळा, ऐकून घेणारा वेगळा. शंभरदा लिहायला लावलंस तरी मी हेच लिहीन. ती समिती फोटो पुढे ढकलणाऱ्यांनाही बोलावील, याची खात्री कर. एकाला पकडलं की बाकीचे चाळीस सुटतात, आणि मुलीला रोज त्या चाळिसांतच बसायचं असतं. तुकडी बदलायची तर तिची बदलू नका. नेमकं तेच करतात सगळे, ‘तिच्या सोयीसाठी’.

मी ज्या शाळेत होते तिथे मलाही असंच सांगितलं गेलं होतं. मी नाही म्हटलं. वर्गशिक्षकांनीच मुलाला बसवून लिहून घेतलं, त्याने घाबरून आणखी दोघांची नावं घेतली, आणि त्यांतला एक, ज्याचा काही संबंध नव्हता, शाळा सोडून गेला. माझा करार पुढच्या वर्षी झाला नाही. लोक म्हणाले, तू जरा लवचीक असतीस तर आतून काहीतरी करता आलं असतं. मी यावर पुष्कळ विचार केलाय. लवचीक असते तर त्या कागदावर माझी सही असती, आणि त्यानंतर त्या शाळेतलं एकही मूल माझ्या खोलीत खरं बोललं नसतं. तो सोडून गेलेला मुलगा मनातून जात नाही, पण माझं नाही म्हणणं चुकलं असं मला आजही वाटत नाही.

तुझं खरं काम त्या मुलीकडे आहे. तिला ‘तुझी चूक नाही’ हे सगळ्यांनी सांगून झालंय, तू पुन्हा नको सांगूस. तिला विचार, शाळेत यायचं म्हटलं की नेमकी कुठली जागा डोळ्यांपुढे येते. जिना असेल, पाण्याचा नळ असेल, रिक्षातली सीट असेल. त्या जागेचं काय करता येईल ते दोघी मिळून ठरवा. झोप किती लागते, डबा संपतो का, स्वतःला काही करून घ्यावंसं वाटतं का, हे सरळ शब्दांत विचार. उत्तर ‘हो’ आलं तर त्याच दिवशी पालक आणि मानसोपचारतज्ज्ञ, थांबायचं नाही. वडिलांना सांग, तिचा फोन काढून घेऊ नका. तिला ती शिक्षा वाटते, आणि पुढच्या वेळी ती सांगणार नाही. तिचे शब्द तिच्याच भाषेत टिपून ठेव, तुझे अर्थ वेगळ्या पानावर; उद्या कुणी साक्षीला बोलावलं तर त्या टिपणात सुचवलेला एकही प्रश्न नसावा. समोरासमोरची भेट तिने स्वतः मागितली तरच, आणि प्रकरण मार्गी लागल्यावर.

मुलालाही कुणीतरी भेटायला हवं, पण ती तू नको. तुमच्या संस्थेच्या दुसऱ्या शाखेत समुपदेशक आहेत, त्यांना विनंती कर. नसतील तर मला कळव, मी येते. उद्या सकाळी मुख्याध्यापिकांना द्यायच्या पत्राचा मसुदा मला आज रात्रीच पाठव. त्यात मुलाचं नाव लिहू नकोस. खात्याचं लिही.

तुझी,
ताई