ऑयलरच्या तक्त्यातला कॅपॅसिटर थोडा लहान असतो

प्रश्न: १० किलोओहमचा रेझिस्टर, १०० मायक्रोफॅरडचा कॅपॅसिटर, ५ व्होल्टचा सप्लाय. ऑयलरच्या पद्धतीने ०.२ सेकंदाची स्टेप घेऊन एक्सेलमध्ये चार्जिंगचा तक्ता केला. १ सेकंदाला ३.३६ व्होल्ट येतात, सूत्राने ३.१६ यायला हवेत. आकडे तीनदा तपासले. माझं चुकतंय कुठे?

उत्तर:

तुमचे आकडे बरोबर आहेत. मीही आत्ता करून पाहिले, ३.३६१६ येतात. हा ०.२ व्होल्टचा फरक पद्धतीचाच आहे. तो कुठून येतो हे पाहायला तक्त्याची पहिली ओळ पुरते.

स्विच लावला त्या क्षणी कॅपॅसिटर रिकामा असतो. पूर्ण ५ व्होल्ट रेझिस्टरवर पडतात, म्हणून करंट अर्धा मिलिअँपिअर असतो आणि व्होल्टेज सेकंदाला ५ व्होल्ट या वेगाने चढू लागतं. ऑयलर हा वेग बघतो आणि पुढचे ०.२ सेकंद तोच धरून चालतो. त्याच्या हिशेबाने १ व्होल्ट जमा होतो. प्रत्यक्षात व्होल्टेज जरा चढलं की रेझिस्टरवरचं तेवढंच कमी होतं, करंट उतरतो आणि वेगही उतरतो. ०.२ सेकंद संपेपर्यंत वेग सेकंदाला ४.०९ व्होल्टवर आलेला असतो. त्यामुळे खरे जमा होतात फक्त ०.९०६ व्होल्ट. चार्जिंगचा वक्र सतत खाली झुकत जातो आणि स्पर्शिका त्याच्या वर राहते, म्हणून ऑयलर इथे कायम पुढेच असतो.

आता चूक वाढत कशी जाते ते बघा. ०.२ सेकंदाला ती ०.०९४ व्होल्ट, मग ०.१५२, ०.१८४, ०.१९९ आणि १ सेकंदाला ०.२०१. तिथून मात्र ती उतरते. २ सेकंदांना ०.१४ राहते आणि ५ सेकंदांना जेमतेम ०.०१५. याचं कारण सर्किटमध्येच आहे. ऑयलर पुढे गेला की त्याच्या हिशेबात उरलेली तूट खऱ्यापेक्षा कमी होते, म्हणून पुढच्या स्टेपला तो कमी वेगाने सुरुवात करतो. प्रत्येक स्टेप थोडी नवी चूक घालते आणि जुन्या चुकीतली थोडी खाऊन टाकते. या सर्किटमध्ये ही दोन्ही खाती साधारण एका टाइम कॉन्स्टंटपाशी बरोबरीला येतात. टाइम कॉन्स्टंट म्हणजे रेझिस्टर आणि कॅपॅसिटरचा गुणाकार, तुमच्याकडे १ सेकंद. तुम्ही नेमकं १ सेकंदालाच तपासलंत, म्हणजे चूक सर्वांत मोठी असते तिथे. ५ सेकंदांचा आकडा पाहिला असतात तर सगळं जुळलंय असं वाटलं असतं.

माझ्या मते खरी समज येते ती व्होल्टेज सोडून तुटीकडे पाहिल्यावर. तूट म्हणजे ५ व्होल्ट गाठायला अजून जेवढं उरलंय तेवढं. तुमच्या तक्त्याला तिचा एक रकाना जोडा:

```
B3: =B2+$F$1*(5-B2)/$F$2
C3: =5-B3
D3: =5*EXP(-A3/$F$2)
```

`A2` आणि `B2` मध्ये शून्य, `F1` मध्ये स्टेप ०.२ आणि `F2` मध्ये टाइम कॉन्स्टंट, म्हणजे १ सेकंद. `A` रकान्यात वेळ दर ओळीला `F1` एवढी वाढत जाऊ द्या, `A3` मध्ये `=A2+$F$1` लिहून. `C` रकान्यात ऑयलरची तूट दिसेल: ४, ३.२, २.५६, २.०४८, १.६३८४. दर वेळी नुसता ०.८ ने गुणाकार. `D` रकान्यात खरी तूट, तिथेही दर वेळी गुणाकारच, पण ०.८१८७ ने, कारण e चा −०.२ वा घात तेवढा आहे. म्हणजे ऑयलर आणि खरं सूत्र यांच्यातला सगळा फरक ०.८ आणि ०.८१८७ या दोन आकड्यांत मावतो.

दोन्हीकडे ठरावीक आकड्याने गुणाकार होतोय, म्हणजे ऑयलरचे बिंदूही एका शुद्ध घातांकी वक्रावरच बसतात. फक्त तो वक्र वेगळ्या टाइम कॉन्स्टंटचा आहे. ०.२ सेकंदात तूट ०.८ पट करणारा टाइम कॉन्स्टंट काढायचा तर ०.२ ला ०.८ च्या नैसर्गिक लॉगने भागून चिन्ह उलटवायचं. उत्तर येतं ०.८९६ सेकंद. रेझिस्टर तोच ठेवला तर तुमच्या तक्त्यातला कॅपॅसिटर १०० मायक्रोफॅरडचा नाही, ८९.६ चा आहे! आणि त्या ८९.६ च्या कॅपॅसिटरचं चार्जिंग ऑयलरने प्रत्येक स्टेपला तंतोतंत काढलंय. लक्षात ठेवायला सोपं म्हणजे, स्टेप लहान असेल तर ऑयलरचा टाइम कॉन्स्टंट खऱ्यापेक्षा जवळजवळ अर्ध्या स्टेपने कमी भरतो.

हे मी पुस्तकातून शिकलो नाही. काही वर्षांपूर्वी एका बोर्डवरच्या कॅपॅसिटरची किंमत चार्जिंगवरून काढायची होती. मायक्रोकंट्रोलर दर ०.२ सेकंदाला व्होल्टेज नोंदवत होता. मी तुमच्यासारखाच ऑयलरचा तक्ता केला, स्टेपही तीच ठेवली, आणि तक्ता नोंदींवर बसेपर्यंत कॅपॅसिटरचा आकडा बदलत गेलो. ११० मायक्रोफॅरडला छान बसला. कॅपॅसिटरवर १०० छापलेलं होतं, पण इलेक्ट्रोलिटिकमध्ये वीस टक्के इकडेतिकडे चालतंच, म्हणून मी ११० लिहून टाकले. रेझिस्टर मल्टिमीटरवर १०.० किलोओहम दाखवत होता, त्यामुळे शंका यायला जागाच नव्हती.

पुढच्या आठवड्यात दुसऱ्याच कारणासाठी नोंदी दर ०.१ सेकंदाला घेतल्या. तोच कॅपॅसिटर आता १०५ निघाला. वायरिंग तपासलं, सोल्डरिंग तपासलं, कॅपॅसिटर काढून परत लावला, पुन्हा १०५. मग ०.०५ सेकंदाने नोंदी घेतल्या तर १०२.५. घड्याळाचा ठोका बदलला म्हणून कॅपॅसिटर बदलत नाही, हे तेव्हा डोक्यात शिरलं. ऑयलरचा तक्ता खऱ्यापेक्षा भराभर चढतो, म्हणून तो खऱ्या नोंदींवर बसवायला मी नकळत मोठा कॅपॅसिटर घालत होतो. शेवटी तक्ता बाजूला ठेवला, नोंदींतल्या तुटीचा लॉग घेऊन वेळेसमोर मांडला आणि सरळ रेषेच्या उतारावरून आकडा काढला. तिन्ही वेळच्या नोंदींतून १०० आले. कॅपॅसिटर पहिल्यापासून चोख होता. दहा टक्क्यांची चूक वीस टक्क्यांच्या टॉलरन्समध्ये लपून बसली होती, आणि ती सहजासहजी पकडली जात नाही ती याचमुळे.

म्हणून पद्धतीची चूक की सर्किटची, हे ठरवायचं असेल तर स्टेप निम्मी करून बघा. १ सेकंदाला ०.१ च्या स्टेपने ३.२५६६ येतात, चूक ०.०९६. ०.०५ ने ३.२०७६, चूक ०.०४७. ०.०१ ने ३.१६९८, चूक ०.००९. स्टेप निम्मी की चूक साधारण निम्मी, हीच ऑयलरची ओळख. स्टेप निम्मी करूनही फरक हलत नसेल तर गडबड दुसरीकडे आहे. बहुतेक वेळा सूत्रात `$` राहून गेलेला असतो आणि सूत्र खाली ओढताना स्टेपचा सेल सरकलेला असतो, नाहीतर मायक्रोफॅरडचे शून्य मोजण्यात घोटाळा झालेला असतो.

उलट दिशेलाही एकदा जाऊन बघा, `F1` चा आकडा वाढवत न्या. स्टेप १ सेकंद केली की तूट शून्याने गुणली जाते आणि कॅपॅसिटर एका उडीत ५ व्होल्टवर जाऊन बसतो. १.५ केली की गुणक −०.५ होतो: व्होल्टेज ७.५, मग ३.७५, मग ५.६२५, असं हेलकावे खात ५ कडे येतं. ५ व्होल्टच्या सप्लायवर एक रेझिस्टर आणि एक कॅपॅसिटर ७.५ व्होल्ट कधीच दाखवणार नाहीत, तेव्हा असा आकडा दिसला की स्टेपकडे बघायचं. २ सेकंदांना १०, ०, १०, ० असा झोका कायम चालू राहतो. २.५ ला १२.५, −६.२५, २१.९, −२०.३, आणि पुढे पसारा वाढतच जातो. मर्यादा साधी आहे: स्टेप टाइम कॉन्स्टंटच्या दुपटीपेक्षा लहान हवी.

तुमच्या एका कॅपॅसिटरला ही मर्यादा कधी जाचणार नाही. पण त्याच सर्किटमध्ये कुठेतरी १ किलोओहमसोबत १० पिकोफॅरडचा छोटा कॅपॅसिटर आला, तर त्याचा टाइम कॉन्स्टंट १० नॅनोसेकंद. त्याचं चार्जिंग क्षणात संपतं, तुम्हाला त्यात रसही नसतो. तरी ऑयलरला शेवटपर्यंत २० नॅनोसेकंदांच्या आतच पावलं टाकावी लागतात, नाहीतर तो छोटा कॅपॅसिटरच सगळा तक्ता उधळून लावतो. ५ सेकंदांसाठी २५ कोटी ओळी झाल्या! SPICE सारखे सर्किटचं गणित करणारे प्रोग्रॅम साधा ऑयलर न वापरता ट्रॅपेझॉइडल पद्धत घेतात, त्यामागचं एक मोठं कारण हेच. त्या पद्धतीत गुणक कधीच −१ ते १ च्या बाहेर जात नाही, त्यामुळे स्टेप मोठी झाली तरी आकडे फुटत नाहीत.

तुम्हाला ०.२ चीच स्टेप ठेवून जवळ जायचं असेल तर एक रकाना वाढवा. आधी ऑयलरने पुढचं व्होल्टेज काढा, तिथला वेग काढा, सुरुवातीचा आणि हा वेग यांची सरासरी घ्या आणि त्या सरासरीने पाऊल टाका. पहिल्या ओळीत सुरुवातीचा वेग ५, ऑयलरच्या टोकाचा ४, सरासरी ४.५, म्हणून ०.९ व्होल्ट. खरे ०.९०६ होते. असं करत १ सेकंदाला ३.१४६ येतात. चूक ०.२०१ वरून ०.०१४ वर आली, आणि या वेळी तक्ता खऱ्या वक्राच्या किंचित खाली आहे.