आकड्याखाली छेद लिही

प्रिय,

तुझा रेझ्युमे आणि त्या ब्रँडची सोशल मीडियाच्या नोकरीची जाहिरात शेजारी शेजारी ठेवून वाचली. ‘सगळं तर लिहिलंय, तरी बोलावणं का येत नाही?’ हा तुझा वैताग समजतो मला. जाहिरातीत त्यांनी तीन गोष्टी मागितल्यात: प्लॅटफॉर्मवरचे निकाल, कंटेंट कॅलेंडरची पूर्ण जबाबदारी आणि पेड कॅम्पेनचं बजेट. तिन्हींवर तुझी एकेक ओळ आहे. पण तिन्ही ओळींत नुसता अंश आहे, छेद कुठेच नाही.

‘इन्स्टाग्रामवर 40 लाख रीच.’ अगं, किती महिन्यांत? त्यातला पैसे देऊन आणलेला किती? फोनवर खोदून विचारलं तेव्हा तू म्हणालीस, सहा महिन्यांत, आणि 34 लाख बूस्ट केलेल्या पोस्टचा. म्हणजे ऑरगॅनिक उरला 6 लाख, महिन्याला 1 लाख. तू येण्याआधी तो महिन्याला 60 हजार होता आणि आठवड्याला चार पोस्ट हे प्रमाण तू बदललं नाहीस. मग हेच लिही की! ‘पोस्टची संख्या तेवढीच ठेवून ऑरगॅनिक रीच दरमहा 60 हजारांवरून 1 लाखावर, सहा महिन्यांत.’ 40 लाखांपुढे हे किरकोळ दिसेल, हे मान्य. पण रेझ्युमे चाळणाऱ्याने स्वतः बूस्टचं बटण दाबलेलं असतं. 40 लाख आकडा कसा फुगतो, हे त्याला तुझ्याइतकंच माहीत आहे.

बजेटच्या ओळीवर तर मी चिडलोच. ‘मोठ्या बजेटच्या कॅम्पेन हाताळल्या’ म्हणजे काय केलं? बजेट क्लायंटचं होतं, एजन्सीचं होतं, की कुठल्या अॅड सेटला किती द्यायचे हे तू ठरवत होतीस? तू ठरवत होतीस, दरमहा 2 लाख. मग ते लपवलंस कशाला?

आता नीट बघ. आधी त्या 2 लाखांत 625 लीड यायचे, म्हणजे लीडमागे 320. तुझ्या बदलांनंतर 952 आले, लीडमागे 210. हे तू अभिमानाने सांगितलंस आणि मी लगेच विचारलं, सेल्सवाल्यांच्या कामाचे किती निघाले? मेटावरचा इन्स्टंट फॉर्म नाव-नंबर आपोआप भरून देतो, त्यामुळे लीड स्वस्त पडतात आणि सहज म्हणून फॉर्म भरणारेही वाढतात. तू सेल्सवाल्यांना विचारून आलीस: कामाचे आधी 125 होते, नंतर 160 झाले. म्हणजे कामाच्या लीडमागे खर्च 1600 वरून 1250. 34 टक्क्यांची घट 22 टक्क्यांवर आली म्हणून तुझा आवाज पडला. माझ्या लेखी तुझ्या अख्ख्या रेझ्युमेतली सगळ्यात वजनदार ओळ हीच आहे, कारण इथे तू डॅशबोर्डच्या बाहेर जाऊन विचारलंस.

छेद लिही, छेद लिही, असं मी आयुष्यभर सांगत आलोय. बैठकीत हाच प्रश्न विचारतो म्हणून लोक मला हेकट म्हणतात. म्हणोत. एका जुन्या ठिकाणी माझ्या ‘रडक्या’ रिपोर्टवर सगळे हसले होते. पुढच्या तिमाहीत बजेट वाढवून मागायची वेळ आली, तेव्हा त्याच रिपोर्टमधले आकडे टिकले. एवढं सांगायची गरज नव्हती, पण आठवलं.

राहिलं कॅलेंडर. ‘कंटेंट कॅलेंडर सांभाळलं’ यातून शीटमध्ये तारखा भरणारी मुलगी दिसते. ब्रँडला वेगळंच हवं असतं: महिन्याचे विषय कोण ठरवतं, मंजुरी किती जणांकडून आणि किती दिवस आधी घेतली जाते, आणि ऐन वेळी काही बिघडलं तर पोस्ट थांबवायचा अधिकार कोणाला. प्रॉडक्टचं लाँच दोन आठवडे पुढे ढकललं, तेव्हा तू नऊ पोस्ट मागे घेऊन आधीच तयार ठेवलेल्या पोस्ट त्या जागी लावल्यास. हे रेझ्युमेत नाही! इथला छेदही सांग: पाहिजे होत्या किती आणि वेळेवर गेल्या किती.

एक व्यावहारिक गोष्ट. नोकरी सुटली की अकाउंटचा ॲक्सेस जातो, मग हे आकडे कुठून आणणार? परवानगी घेऊन महिन्याची बेरीज आत्ताच उतरवून ठेव. कंपनीची रक्कम बाहेर सांगता येत नसेल, तर टक्के दे, पण कशाचे टक्के ते लिही. आणि मुलाखतीत ॲट्रिब्यूशनचं, म्हणजे जाहिरातीनंतर किती दिवसांत आलेला लीड तिच्या खात्यात धरला, हे विचारतीलच. मेटाचं नेहमीचं सेटिंग क्लिकनंतर सात दिवस आणि नुसती जाहिरात पाहिल्यावर एक दिवस असं असतं. तुझ्या अकाउंटवर काय होतं, ते उद्या सकाळी आधी बघून घे.

तिन्ही ओळी नव्याने लिहून रविवारपर्यंत पाठव. टेम्प्लेटचे रंग बदलत बसू नकोस. तो दोन कॉलमचा साचा मला मुळीच आवडलेला नाही, पण त्यावर भांडू नंतर.