न सांगता कळत नसतं गं

"ह्याला माझ्या मनातलं कळतच नाही" म्हणून तू काल रडलीस. पडद्यावर नायिका गप्प झाली की नायक धावत स्टेशन गाठतो, कारण तिच्या मनातलं त्याला लेखकाने आधीच सांगितलेलं असतं. घरात असा लेखक नसतो.

सासूबाई आजारी होत्या तेव्हा मी सांगलीहून मिरजेला दोन्ही वेळचा डबा नेत होते. हे एकदाही "दमलीस का?" म्हणाले नाहीत, म्हणून मी चार दिवस अबोला धरला. ह्यांना वाटलं, आईच्या काळजीने गप्प आहे! शेवटी मीच भाकरी थापता थापता म्हणाले, "उद्यापासून संध्याकाळचा डबा तुम्ही न्या." हे "बरं" म्हणाले आणि नेला.

म्हणून "तुम्हाला कधी कळतच नाही" असं नको म्हणूस. त्याने माणूस फक्त बचावाला लागतो. कोणतं काम, कोणत्या वेळी, एवढंच सांग. एकदा विसरला तर परत सांग. पण प्रत्येक वेळी हो म्हणून टाळत असेल, तर तो विसराळूपणा नव्हे. आणि 'सैराट'मध्ये परशा संशयाने आर्चीवर हात उगारतो, तसं कधी घडलं, तर समजावत बसू नकोस. त्याच दिवशी आईला फोन कर.