जर्मनमधलं ईअर म्हणजे तिचं, त्यांचं की आपलं?

'माझं' म्हणताना माइन कधी आणि माइनं कधी?

पुढचं नाम स्त्रीलिंगी किंवा अनेकवचनी असेल तर माइनं: माइन फाटर, माइन किंट, पण माइनं मुटर, माइनं एल्टर्न. नामाचं लिंग डिक्शनरीत बघा, मराठीवरून ठरवू नका.

रीलमध्ये सांगितलं की मालक बाई असेल तर शेवटी ए लावायचा. खरं का?

नाही! मालक फक्त शब्द निवडतो, त्याचं म्हणजे झाइन, तिचं म्हणजे ईअर, शेवट ठरतो पुढच्या नामावरून, आपल्याकडे तिचा भाऊ, तिची बहीण होतं तसंच. म्हणून ईअर ब्रूडर, ईरं श्वेस्टर. तीस सेकंदांत ग्रामर विकणाऱ्यांचं ऐकून वहीत काही उतरवू नका, आधी तुमच्या टीचरना दाखवा.

माइनन कुठून आलं?

नाम पुल्लिंगी आणि कर्म असेल तर: इश झूखं माइनन श्ल्युसल, मी माझी किल्ली शोधतोय. कर्मात बाकी लिंगं बदलत नाहीत.

माझ्या बॉसबद्दल लिहिताना 'त्यांची गाडी' म्हणून ईअर आउटो लिहिलं, चूक दिली. त्यांचं म्हणजे ईअरच ना?

बॉस पुरुष असेल तर झाइन आउटो. ही चूक मराठी मुलांच्या वह्यांत सतत दिसते, कारण आपण एकाच माणसाला मान देऊन 'त्यांचं' म्हणतो आणि जर्मनमध्ये तिसऱ्या माणसासाठी असं मानाचं अनेकवचन नाहीच, वडील असोत की सर, एकटा पुरुष म्हणजे झाइन. आणि आईबद्दल लिहिलं की ईअर बरोबर येतं, पण ते 'तिचं' या अर्थाने, त्यामुळे गैरसमज महिनोन्‌महिने लपून राहतो.

आता तिन्ही अर्थ बघा. फ्राउ वेबर झूख्ट ईरन श्ल्युसल: तिची किल्ली. डी किंडर झूखन ईरन बाल: त्या मुलांचा बॉल. झूखन झी ईरन श्ल्युसल, हेर वेबर: आपली किल्ली, समोरच्याला विचारलंय. शेवट तिन्हीकडे सारखाच, कारण श्ल्युसल आणि बाल दोन्ही पुल्लिंगी आणि कर्म आहेत, म्हणजे शेवटावरून मालक कळतच नाही, तो वाक्यातल्या कर्त्यावरून किंवा आधीच्या वाक्यावरून शोधायचा. 'आपलं'वालं ईअर लिहिताना पहिलं अक्षर मोठं, पण वाक्यच ईअरने सुरू झालं तर ती खूणही जाते. ईअर ब्रूडर कॉम्ट मॉर्गन एवढंच एकटं वाक्य दिलं तर तिचा, त्यांचा, आपला, तिन्ही बरोबर! शंका असेल तिथे जर्मन लोकही सरळ नाव घेतात, फ्राउ वेबर्स ब्रूडर.

पुढच्या आठवड्यात ए-वनची परीक्षा आहे, मोठ्या अक्षराचं नंतर बघितलं तर चालेल का?

नाही चालणार, आजच बघा. त्यात मेल लिहायचा असतो, आणि 'आपल्या मेलबद्दल आभार' लिहिताना ईरं लहान अक्षराने लिहिलंत तर ते तिच्या किंवा त्यांच्या मेलबद्दल होतं. एक मेल लिहून टीचरकडून तपासून घ्या.