रक्त जात होतं, पण दुसऱ्याच वाटेनं

प्रश्न: वय २४, शेती करतो. आठवड्यातून चार-पाच वेळा हस्तमैथुन होते. दोन वर्षांपासून कमजोरी आहे, चक्कर येते, कंबर दुखते. मित्र म्हणतात धात गेल्यानं अंग आतून पोकळ होतं. पुढच्या उन्हाळ्यात लग्न आहे. किती वेळा नॉर्मल? सोडलं तर ताकद परत येईल का?

उत्तर:

भाऊ, आधी एक हिशोब करू. ‘चाळीस थेंब रक्त आटतं तेव्हा एक थेंब धात बनते’ हे वाक्य तुम्ही ऐकलं असेलच. एका वेळी वीर्य निघतं दीड ते पाच मिलिलिटर, आपण तीन धरू. चाळीसनं गुणलं की १२० मिलिलिटर रक्त. आठवड्यातून पाच वेळा म्हणजे ६०० मिलिलिटर. मोठ्या माणसाच्या अंगात सगळं मिळून साधारण पाच लिटर रक्त असतं. म्हणजे साडेआठ आठवड्यांच्या आतच अंग कोरडं पडायला पाहिजे. तुम्ही दोन वर्षांनंतरही शेती करताय आणि हा प्रश्न लिहिताय, म्हणजे ते वाक्य खोटं आहे.

वीर्य रक्त आटवून बनत नाही. त्यातला बहुतेक भाग पाणी असतो, आणि थोडी साखर, प्रथिनं, क्षार. शुक्राणूंचा वाटा अगदी थोडा. बाकीचा द्रव पुरस्थ ग्रंथी आणि शुक्राशयात तयार होतो, तोंडात लाळ तयार होते तसाच. बाहेर काढलं नाही तर ते झोपेत आपोआप निघतं, नाहीतर शरीर जिरवून टाकतं. झोपेत निघण्याला आपण ‘स्वप्नदोष’ म्हणतो. नावातच दोष घातला आहे, तेव्हा पोरं घाबरतील नाही तर काय करतील.

मी ग्रामीण रुग्णालयात समुपदेशक आहे. माझ्या खोलीबाहेर एचआयव्ही तपासणीचा बोर्ड आहे, म्हणून आत येताना लोक आधी मागं कोणी ओळखीचं नाही ना ते बघतात. गेल्या वर्षी कापूस वेचणीच्या दिवसांत असाच एक जण आला. ओळख पटेल असं काही लिहीत नाही, पण वय तुमच्याच आसपासचं आणि लग्न ठरलेलं. खुर्चीवर बसून बराच वेळ गप्प, मग एकदम म्हणाला, “सर, मले धात जाते. अंगात काईच राह्यलं नाई.”

त्याआधी तो आठवडी बाजारातल्या पालावर जाऊन आला होता. तिथल्या ‘खानदानी’ वैदूनं त्याला पांढऱ्या पुड्या, काळी गोळी आणि लावायचं तेल दिलं. दोन महिने हात लावायचा नाही, अशी शपथही घ्यायला लावली. साडेचार हजार गेले, म्हणजे वेचणीची जवळजवळ सगळी मजुरी. (लैंगिक ताकद वाढवतो म्हणून औषधाची जाहिरात करायला आपल्याकडे १९५४ पासून कायद्यानं बंदी आहे. एसटी स्टँडाजवळच्या भिंती बघून तसं वाटत नाही.) तेलानं कातडी भाजल्यासारखी लाल झाली. शपथ मात्र त्यानं पाळली होती, आणि तीच गोष्ट मला कामाची वाटली. दोन महिने हस्तमैथुन पूर्ण बंद होतं, तरी चक्कर तशीच. उलट धाप वाढलेली.

मी त्याला विचारलं, दम कधी लागतो? बांध चढताना. चक्कर कधी येते? बसून एकदम उठलं की. पायात काय घालता? वावरात काहीच नाही. शौचाला कुठं? वावरातच. पापणी खाली ओढून बघितली तर आतली कड गुलाबी नव्हती, पांढुरकी होती. मी डॉक्टर नाही, म्हणून त्याला ओपीडीत पाठवलं. हिमोग्लोबिन निघालं ८.६, पुरुषाचं किमान १३ असावं लागतं. शौचाच्या तपासणीत अंकुशकृमीची अंडी दिसली. हा जंत ओल्या मातीतून अनवाणी पायाच्या कातडीवाटे आत शिरतो, आतड्याला चिकटतो आणि रक्त पितो. रक्त खरंच जात होतं, पण दुसऱ्याच वाटेनं.

डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या द्यायच्या आधी सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची चाचणी करून घेतली. आपल्या विदर्भात सिकलसेल बराच आहे, विशेषतः आदिवासी आणि दलित समाजात, आणि त्यातही अशक्तपणा येतो. सांधे दुखतात, डोळे पिवळे दिसतात. पण त्याचा उपचार वेगळा असतो, म्हणून मेडिकलमधून स्वतःच लोह आणून खाऊ नये. त्याची चाचणी चांगली आली. जंताची ४०० मिलिग्रॅमची एक गोळी आणि लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या. त्या चहासोबत घ्यायच्या नाहीत, कारण चहानं लोह अंगी लागत नाही. लिंबूपाणी चालतं. शौच काळं होतं, त्याला घाबरून गोळ्या सोडायच्या नाहीत. हे मी त्याला दोनदा सांगितलं, तरी आठव्या दिवशी फोन आलाच, “सर, काऊन काळी होऊन राह्यली?” महिन्यानं हिमोग्लोबिन १०.५ झालं, तीन महिन्यांनी १२.९. धापही गेली. या काळात हस्तमैथुन पुन्हा सुरू झालं होतं, हे त्यानंच हसत सांगितलं.

म्हणून तुम्हाला माझं पहिलं सांगणं हेच, की सोडून ताकद येईल का ते बघत बसू नका, रक्त तपासा. तुमचं कारण जंतच असेल असं नाही. बी-१२ कमी असेल, थायरॉईड असेल, साखर असेल, किंवा उन्हात दहा तास काम आणि पोटात चहा-पोळी असेल. कंबर तर फवारणीचा पंप पाठीवर घेणाऱ्या कोणाचीही दुखते. धातेचा संशय इतका जुना आहे, की त्यापुढं बाकीची कारणं कोणाला सुचतच नाहीत.

आता किती वेळा. असा आकडा नाही. कोणी रोज करतं, कोणी महिन्यातून एकदा, कोणी कधीच नाही, आणि हे सगळं नॉर्मलमध्येच येतं. आकड्याऐवजी मी तीन गोष्टी विचारतो. त्यापायी कामाला खाडा होतो का, झोप मोडते का? कातडी सोलवटेपर्यंत होतं का? थांबवायचं मनापासून ठरवूनही महिनोन्‌महिने थांबवता येत नाही का? यातलं काही असेल तर मानसोपचारतज्ज्ञाशी बोलावं. मात्र जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या नव्या यादीत, जिथं अनावर लैंगिक वर्तनाचा आजार नोंदवला आहे, तिथंच एक गोष्ट स्पष्ट लिहिली आहे. त्रास फक्त ‘हे पाप आहे’ असं वाटण्यातून होत असेल, तर तेवढ्यावर त्याला आजार म्हणायचं नाही.

तरी अपराधीपणाचा त्रास खोटा नसतो. मी स्वतः अमरावतीला वसतिगृहात असताना ब्रह्मचर्यावरची एक पुस्तिका हातोहात फिरायची. ती वाचून मी वहीच्या शेवटच्या पानावर दिवस मोजायला लागलो. अकरा दिवस झाले, की बाराव्या दिवशी डोक्यात दुसरं काहीच नसायचं. मग व्हायचं, मग रात्रभर झोप नाही, छाती धडधडायची, सकाळी वर्गात काही शिरायचं नाही. आणि मी म्हणायचो, बघ, धात गेल्यानं बुद्धी मंद झाली. वीर्य निघाल्यावर अर्धा-पाऊण तास झोपाळू, सैल वाटणं तर शरीराचा नेहमीचाच प्रकार आहे. भ्यालेल्या माणसाला तीच कमजोरी वाटते. या सगळ्या त्रासाला डॉ. एन. एन. विग या मानसोपचारतज्ज्ञांनी १९६० मध्ये ‘धात सिंड्रोम’ असं नाव दिलं.

शुक्र हा सातवा धातू, सगळ्या धातूंचं सार, हा विचार आयुर्वेदातून आला आणि लोकांच्या तोंडी त्याचे चाळीस थेंब झाले. पण ही भीती आपलीच नाही. १७६० मध्ये तिसो नावाच्या स्विस डॉक्टरानं हस्तमैथुनानं माणूस झिजतो असं पुस्तकच लिहिलं आणि युरोप दीडशे वर्षं घाबरून राहिला. आपल्याकडे र. धों. कर्व्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ मासिकात वाचकांच्या अशाच खासगी प्रश्नांना सरळ उत्तरं दिली, त्यावरून १९३४ मध्ये त्यांच्यावर खटला झाला. त्यांची बाजू मांडायला डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे होते. तरी दंड झालाच.

अंगावर खरे परिणाम थोडेच आहेत. केस गळणं, डोळे खोल जाणं, लिंग वाकडं होणं, मूल न होणं यांचा हस्तमैथुनाशी संबंध नाही. एका दिवसात तीन-चारदा झालं तर शुक्राणू तात्पुरते कमी दिसतात, दोन-तीन दिवसांत भरून येतात. एक सवय मात्र टाळा. फार घट्ट मुठीनं किंवा पालथं पडून गादीवर घासून करायची सवय लागली, तर पुढं संभोगात तेवढा दाब मिळत नाही आणि वीर्य यायला फार वेळ लागतो. हात सैल केला की काही आठवड्यांत फरक पडतो.

लघवीत पांढरं गेलं म्हणूनही पोरं येतात. बहुतेक वेळा ते क्षार असतात, त्यानं लघवी गढूळ दिसते. किंवा बद्धकोष्ठ असताना जोर लावला की पुरस्थ ग्रंथीचा चिकट थेंब येतो. लघवीची साधी तपासणी पुरते. जळजळ, पू, जखम किंवा वीर्यात रक्त दिसलं तर मात्र डॉक्टरांना दाखवा, थांबू नका.

लग्नाचं म्हणाल तर एक सांगा, सकाळी उठताना ताठरता असते का? असते ना, मग यंत्रणा शाबूत आहे. पहिल्या रात्री काही जमलं नाही तर ते बहुतेक वेळा भीतीनं आणि थकव्यानं होतं. पालावरची गोळी तेव्हाही घेऊ नका. अशा पुड्यांत कधी स्टेरॉईड तर कधी ताठरतेचं ॲलोपॅथीचं औषध न सांगता मिसळलेलं सापडतं. सिकलसेलची चाचणी मात्र तुम्ही दोघांनीही लग्नाआधी करा. दोघंही वाहक निघालात तर प्रत्येक मुलामागं चारात एक शक्यता आजाराची असते. वाहकाला स्वतःला सहसा काहीच त्रास नसतो, म्हणून तपासल्याशिवाय कळत नाही.

रात्री मन फारच खाली गेलं, जगावंसं वाटलं नाही, तर १४४१६ वर टेलिमानसला फोन करा. फुकट आहे, मराठीत बोलतात.

आणि दवाखान्यात चिठ्ठी काढताना खिडकीवर धातेचं काही सांगायची गरज नाही. “कमजोरी आहे, चक्कर येते, रक्त तपासायचं आहे” एवढंच म्हणा. बाकीचं डॉक्टरांनी आत विचारलं तर सांगा.