गो-लाइव्हची चेकलिस्ट हाती आली, आता आधी काय पाहायचं?

"सर, बी.कॉम. करून दोन वर्षं कुपवाड एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत स्टोअर-अकाउंट्स पाहतोय. आता ईआरपीच्या टीममध्ये घेतलंय आणि नवी सिस्टीम प्रत्यक्ष सुरू करायची, म्हणजे गो-लाइव्हची, चेकलिस्ट माझ्याकडे दिलीय. कोडिंग येत नाही. यातून पुढे काही होईल का? आणि नेमकं काय तपासू?"

कोडिंग लागणार नाही. मटेरियल्स किंवा फायनान्सचा फंक्शनल कन्सल्टंट स्टोअर आणि हिशेबाच्या जाणकारीवर उभा राहतो, आणि ती तुमच्याकडे आहे. चेकलिस्टमधल्या एका ओळीला सर्वांत जास्त वेळ द्या: ओपनिंग स्टॉकचा ताळा, म्हणजे नव्या सिस्टीमवर चढवलेला साठा लेजरशी जुळतो का.

फाउंड्रीत ही ओळ बहुधा जॉबवर्कला गेलेल्या मालापाशी अडते. समजा, एका कास्टिंगचे १,५०० नग तुमच्या मालकीचे आहेत, दर ४०० रुपये. लेजरला ६,००,००० आहेत. मोजणी मात्र गोडाऊनपुरतीच झाली, १,२०० नग चढले आणि सिस्टीममध्ये ४,८०,००० आले. १,२०,००० च्या फरकाला दराने भागा. बरोबर ३०० नग येतात, म्हणजे मशिनिंगला चलानावर बाहेर गेलेला माल शोधायला लागा.

घाईत कोणी हे ३०० नग आपल्याच गोडाऊनवर चढवतं. ताळा जुळतो, सगळे सुटकेचा श्वास सोडतात. पण गो-लाइव्हनंतर माल गेटवर परत आला की इनवर्ड होत नाही, कारण सिस्टीमच्या लेखी जॉबवर्करकडे काही नव्हतंच. म्हणून तो साठा जॉबवर्करच्या नावावर, मूळ चलानाचा क्रमांक आणि तारीख घालूनच चढवा. गो-लाइव्हची तारीख टाकलीत तर मुदतीचा हिशेब चुकतो. जीएसटीत असा इनपुट माल एका वर्षात परत आला नाही, तर पाठवल्या दिवशीच पुरवठा झाला असं धरलं जातं.

गो की नो-गो हे ठरवायचा निकष आकड्यात आणि आधीच लिहून घ्या. "डेटा तयार" ही ओळ निरुपयोगी आहे. "जॉबवर्कसह नगांत फरक शून्य, रकमेतला फरक फक्त पैशांच्या राउंडिंगचा" अशी हवी. नगांवर स्टोअरप्रमुखाची सही घ्या, रकमेवर अकाउंट्सप्रमुखाची. आयटीची सही इथे पुरत नाही. फाइल चढली एवढंच ते सांगू शकतात, माल आहे की नाही हे नाही.

"नंतर बघू" असा शेरा मारून पुढे जायचं असेल, तर तो रिपोर्टच्या मांडणीसारख्या गोष्टीपुरता ठेवा. इन्व्हॉइस किंवा ई-इन्व्हॉइसचा आयआरएन, म्हणजे सरकारी पोर्टलवरून मिळणारा नोंदणी क्रमांक, अडत असेल तर नो-गोच. जुन्या सिस्टीमवर मागे फिरायची शेवटची वेळही लिहा, ती पहिल्या खऱ्या इन्व्हॉइसच्या आधीची असावी. आयआरएन निघाला की तो २४ तासांतच रद्द करता येतो, आणि तोवर माल गेटबाहेर गेलेला असतो.

मॉक कटओव्हरला, म्हणजे गो-लाइव्हच्या रंगीत तालमीत, निघालेल्या फरकांचा तक्ता करा: फरक किती, कारण काय, कोणी सोडवला. वरिष्ठांची परवानगी घेऊन, नावं आणि दर काढून त्याची प्रत ठेवा. फंक्शनलच्या मुलाखतीत "डेटा मायग्रेशनमध्ये काय केलंत?" असं विचारलं की याच तक्त्यावरून बोला.