आठ तास अभ्यास, पण पुढे सरकतेय का?

"सर, रोज आठ तास अभ्यासिकेत बसते. कधी वाटतं सगळं येतंय, कधी वाटतं काहीच येत नाही. दोन वर्षं झाली. आपण पुढे चाललोय की जागेवरच आहोत, हे कळायचं कसं?"

विचारणारी मुलगी निफाडकडची, राज्यसेवेची तयारी करणारी आणि कॉलेज रोडजवळ खोली घेऊन राहणारी. तिच्याकडे डायरी होतीच. तिच्यात रोजचे तास, वाचलेली पानं आणि शेवटी 'आज छान झाला' किंवा 'आज वाया गेला' असा शेरा असे. तास आणि पानांवरून कष्ट कळतात, डोक्यात काय उरलं ते नाही. शेऱ्यावरून तर फक्त त्या संध्याकाळचा मूड कळतो.

म्हणून डायरी आठवड्यातून एकदाच, रविवारी लिहायची असं ठरवलं. सकाळी पूर्व परीक्षेच्या जुन्या पेपरांतले पंचवीस प्रश्न घड्याळ लावून सोडवायचे. प्रश्न आधी कधीही न पाहिलेले हवेत आणि तो विषय वाचून किमान आठवडा उलटलेला हवा. काल वाचलेलं आज आठवतंच, त्याची मोजणी करून उपयोग नाही. उत्तरं आयोगाच्या अंतिम उत्तरतालिकेवरून तपासायची, कारण पहिल्या तालिकेतली काही उत्तरं हरकतींनंतर बदलतात.

उत्तर तपासण्याआधी प्रत्येक प्रश्नापुढे एक अक्षर लिहायचं: खात्री असेल तर 'ख', दोन पर्यायांत अडकली असेल तर 'अ', काहीच माहीत नसेल तर 'न'. खरी माहिती या अक्षरांतूनच मिळते.

दुसऱ्या रविवारी सोळा बरोबर आले आणि तिसऱ्या रविवारी बारा. "सर, मी खाली गेले," म्हणत ती रडवेली झाली. पंचवीस प्रश्नांत दोन-तीन प्रश्न निव्वळ योगायोगाने इकडेतिकडे होतात, त्यामुळे दोन आठवड्यांची तुलना करायचीच नाही, असं तिला सांगितलं. बेरीज चार आठवड्यांची करायची. मग शंभर प्रश्न होतात, आणि राज्यसेवा पूर्वचा सामान्य अध्ययनाचा पेपरही शंभर प्रश्नांचाच असतो.

पहिल्या चार रविवारी चौदा, सोळा, बारा, सोळा, म्हणजे शंभरात 58 बरोबर आले. 'ख' लिहिलेले 40 प्रश्न होते, त्यांतले 33 बरोबर. 'अ' लिहिलेल्या 36 पैकी 19 बरोबर, 'न'च्या 24 पैकी 6.

आधी 'अ'कडे पाहू. नकारात्मक गुणांच्या भीतीने प्रत्यक्ष परीक्षेत ती असे प्रश्न सोडूनच देत असे. बरोबर उत्तराला दोन गुण, चुकलं तर त्याचा चौथा हिस्सा, म्हणजे अर्धा गुण वजा. 19 बरोबरचे 38 गुण, 17 चुकांचे साडेआठ वजा, म्हणजे निव्वळ साडेएकोणतीस गुण ती दरवेळी हातचे सोडत होती. पाच प्रश्नांत एक बरोबर आला तरी तोटा होत नाही, आणि तिचे निम्म्याहून जास्त बरोबर येत होते. "मला तर वाटायचं माझा अंदाज नेहमी चुकतो," ती म्हणाली. चुकलेले अंदाज लक्षात राहतात, बरोबर आलेले राहत नाहीत.

'ख'मधल्या सात चुका मला जास्त महत्त्वाच्या वाटल्या. त्यांतल्या पाच राज्यव्यवस्थेतल्या होत्या, म्हणजे तिच्या 'सगळ्यात पक्क्या' विषयातल्या. तो तिने चार वेळा वाचला होता. पुन्हा वाचलं की मजकूर ओळखीचा वाटतो आणि ती ओळखच आपल्याला 'येतंय' म्हणून भासते. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी 2006 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात हेच दिसलं: पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांचा आत्मविश्वास जास्त होता, पण आठवड्यानंतर जास्त आठवलं ते न पाहता आठवून लिहिणाऱ्यांना. तिला पाचवं वाचन थांबवायला लावलं. धडा मिटायचा, कोऱ्या कागदावर आठवेल ते लिहायचं आणि मग सुटलेलं तेवढंच पुस्तकात पाहायचं. हा बदल तिला नकोसा होता. कागद अर्धा रिकामा राहतो आणि अभ्यास बिघडल्यासारखा वाटतो, अशी तिची तक्रार होती.

दुसऱ्या चार रविवारी शंभरात 63 आले. एवढ्या फरकावरून मी काही बोललो नाही, पाच प्रश्नांचा फरक योगायोगानेही पडू शकतो. तिसऱ्या चार रविवारी 71 आले आणि राज्यव्यवस्थेतली 'ख'ची चूक एकच उरली. तेव्हा मात्र आकडा खरोखर हलला, असं आम्ही दोघांनीही मान्य केलं.

मधल्या काळात एका रविवारी तेवीस आले होते. ते प्रश्न तिने मैत्रिणीबरोबर आधीच सोडवलेले निघाले, म्हणून तो आठवडा बेरजेतून काढला आणि चौथा रविवार पुढे ढकलला. काढला तो गुण जास्त आले म्हणून नाही, प्रश्न नवे नव्हते म्हणून. तेच प्रश्न पुन्हा घेतले की गुण वाढतात, येणं वाढत नाही. शिवाय या डायरीत वस्तुनिष्ठ प्रश्नांपुरतंच मोजलं जातं. मुख्य परीक्षेतलं वर्णनात्मक उत्तर डायरीने मोजता येत नाही, त्यासाठी लिहिलेली उत्तरं दुसऱ्या कोणाकडून तपासून घ्यावी लागतात.

'आज वाया गेला' हा शेरा ती अजूनही लिहिते. मी लिहू देतो, फक्त वेगळ्या पानावर.